सर्वांत लांब पट्टी फसवते

स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचा गँट चार्ट कंत्राटदार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तोडफोड 2 दिवस, मग एकाच वेळी नळकाम 3 आणि वायरिंग 2, दोन्ही उरकल्यावर टाइल्स 4, शेवटी ट्रॉल्या बसवणे 1. ट्रॉल्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून 6 दिवसांत बनतात.

नजर त्याच लांब पट्टीवर खिळते. पण बेरीज बाणांच्या वाटेने करायची: तोडफोड, नळकाम, टाइल्स, बसवणी मिळून 10 दिवस. हाच क्रिटिकल पाथ. यातल्या प्रत्येक कामाची सवड शून्य.

मग शेवटाकडून मागे यायचे. टाइल्स सहाव्या दिवशी सुरू व्हायच्या, तर वायरिंग पाचव्या दिवशी संपले तरी चालते. ते चौथ्यालाच संपते, म्हणून सवड 1. ट्रॉल्या नवव्या दिवसाअखेर हव्यात, सवड 3.

पट्टीत रविवार मोजला असेल किंवा स्क्रीनशॉट घेताना एखादा बाण कापला गेला असेल, तर मात्र हिशेब चुकतो.