शो नोट्सच्या पहिल्या दोन ओळी

पॉडकास्टच्या भागाखाली किंवा वेबिनारच्या ध्वनिमुद्रणाखाली जो मजकूर दिलेला असतो, त्याला शो नोट्स म्हणतात. हा मजकूर कोणी सलग वाचत नाही. मोबाइलवर भागाच्या नावाखाली त्याच्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि पुढचं वाचायचं तर बोट लावून तो उघडावा लागतो. भाग ऐकायचा की नाही, हे बहुतेक वेळा तेवढ्या ओळींवरच ठरतं. प्रत्यक्षात त्या ओळींत असतं ते असं: ‘नमस्कार मंडळी! आमच्या पॉडकास्टच्या आणखी एका भागात तुमचं मनःपूर्वक स्वागत. आज आपल्यासोबत आहेत एक सुप्रसिद्ध, अभ्यासू आणि बहुआयामी व्यक्तिमत्त्व...’ विषय कोणता, हे अजून कळलेलंच नाही.

समजा, हा भाग सोयाबीनच्या घरच्या बियाण्याबद्दल आहे. पुनर्लेखन करताना आधी ध्वनिमुद्रण ऐकून, ऐकणाऱ्याच्या हाती नेमकं काय लागतं ते लिहून काढावं. पाहुणे सांगतात, की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. साठच निघाले, तर ३५ किलो लागतं. मग पहिलं वाक्य असं होतं: ‘घरचं सोयाबीन बियाणं पेरण्याजोगं आहे का, हे शंभर दाण्यांवर घरीच कसं तपासायचं आणि उगवण कमी आली तर एकरी किती बियाणं वाढवायचं, ते या भागात ऐका.’

हे वाक्य म्हणजे भागाने दिलेला शब्द आहे, म्हणून तो पाळला जातो का हे तपासावंच लागतं. वाक्यातल्या प्रत्येक गोष्टीसमोर ती कितव्या मिनिटाला येते ते लिहावं. बीजप्रक्रियेचा उल्लेख करायचा मोह होईल. पण पाहुण्यांनी त्याबद्दल ‘कृषी सहायकांना विचारा’ एवढंच म्हटलं असेल, तर तो विषय वचनात घेऊ नये. त्यासाठी तासभर थांबलेला शेतकरी पुढच्या भागाकडे फिरकणार नाही.

पाहुण्यांच्या ओळखीतली बहुतेक विशेषणं काढून टाकता येतात. ऐकणाऱ्याला एवढंच हवं असतं, की या विषयावर या माणसाचं का ऐकायचं. ‘अनेक पुरस्कारांचे मानकरी’ यातून ते कळत नाही. ‘कृषी विद्यापीठात २२ वर्षं सोयाबीन बीजोत्पादनाचं काम, आता निवृत्त’ यातून कळतं; तिथे विद्यापीठाचं पूर्ण नावही द्यावं. नाव, पद आणि ‘माजी’ हा शब्द पाहुण्यांना दाखवून पक्का करून घ्यावा. ते सध्या एखाद्या बियाणे कंपनीचे सल्लागार असतील, तर तेही त्याच ओळीत यायला हवं. ते लपवणं ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे.

लिंकांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा होतो. बऱ्याच नोट्समध्ये पॉडकास्टच्या समाजमाध्यमांचे पाच-सहा पत्ते आधी येतात आणि भागात सांगितलेला तक्ता तळाशी जातो. क्रम उलटा हवा. प्रत्येक लिंकेआधी ती उघडल्यावर काय मिळेल ते लिहावं: ‘उगवणीनुसार एकरी बियाणं, एक पानी तक्ता, पीडीएफ’. ‘येथे क्लिक करा’ या शब्दांमागे पत्ता दडवला, तर काही अ‍ॅप त्यामागची मांडणी काढून टाकतात आणि नुसते शब्द उरतात. यूट्यूबच्या वर्णनात तर असा दडवलेला पत्ता चालतच नाही; तिथे `https://` पासून पूर्ण पत्ता द्यावा लागतो. शेवटी प्रत्येक लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघावी. गूगल ड्राइव्हवरची फाइल मालकाला लगेच उघडते, इतरांना मात्र परवानगी मागते. ही चूक मालकाच्या फोनवर कधीच दिसत नाही. वेबिनार झाल्यावर नोंदणीची लिंक काढून तिथे ध्वनिमुद्रणाची द्यावी.

वेळेच्या खुणा लिंकांच्या खाली येतात:

```
00:00 घरचं बियाणं का तपासायचं
06:40 शंभर दाण्यांची चाचणी
21:15 एकरी किती बियाणं
```

यूट्यूबवर यांचे आपोआप विभाग होण्यासाठी पहिली खूण `00:00` असावी लागते, किमान तीन खुणा चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक विभाग निदान दहा सेकंदांचा हवा. खुणा अंतिम संपादनानंतरच लिहाव्यात. सुरुवातीचं अर्धं मिनिट कापलं, की सगळ्या खुणा तेवढ्याने चुकतात. पॉडकास्टच्या ऑडिओत ऐकणाऱ्यागणिक वेगळ्या जाहिराती मागाहून घातल्या जात असतील, तर एकच वेळ सर्वांना लागू पडत नाही. अशा ठिकाणी मिनिटं न देता विषयच क्रमाने लिहावेत.