पहाटेचे दूध थंड, संध्याकाळचे कोमट

सोलापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या डेअरीमालकाने कूलर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला ऐन मे महिन्यात पत्र लिहिले. "दूध लवकर थंड होत नाही, गॅस भरून द्या," एवढेच लिहून तो थांबला असता, तर मेकॅनिक गॅसचे सिलिंडर घेऊन आला असता आणि मालकाचे पैसे वाया गेले असते. पण त्याने आकडे लिहिले.

त्याची टाकी ५०० लिटरची. दोन्ही वेळा रिकाम्या टाकीत साधारण २५० लिटर दूध पडते, तेव्हा ते ३५ अंशांच्या आसपास असते. ते तीन तासांत ४ अंशांवर यायला हवे, कारण कोमट दुधात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि पुढे कितीही थंड केले तरी झालेले नुकसान भरून येत नाही. पत्रात लिहिले होते : "पहाटेचे दूध तीन तासांत ४ वर येते. संध्याकाळचे तीन तासांनंतरही ११ वर असते. कॉम्प्रेसर थांबतच नाही. गेल्या मे महिन्यात संध्याकाळीही एवढा वेळ लागत नव्हता. व्होल्टेज दोन्ही वेळा सारखेच आहे. दूध ढवळणारा पंखा चालू आहे, माप ढवळल्यावरच घेतले."

या चार-सहा ओळींत निदानाचा मोठा भाग आहे. गॅस गळून कमी झाला असता, तर पहाटेचे दूधही रखडले असते. इथे यंत्र गार हवेत नीट चालते आणि तापल्या हवेत दमते. म्हणजे दुधातून काढलेली उष्णता बाहेर टाकताना अडचण येते आहे. ते काम कंडेन्सरचे. पातळ पत्र्यांच्या त्या जाळीतून पंखा हवा ओढतो आणि गरम गॅस निवतो. हवा कोंडली की गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि थंडावा मात्र कमी देतो.

मेकॅनिकने आधी कंडेन्सरच पाहिला. शेजारी कडबाकुट्टी यंत्र होते. त्याचा भुसा आणि म्हशींचे केस जाळीत नमद्यासारखे घट्ट बसले होते. पंख्यासमोर हात धरला तर वारा जेमतेम लागत होता. मेन स्विच बंद करून त्याने मऊ ब्रशने पत्र्यांच्या रेषेत भुसा काढला, मग आतून बाहेर हवा मारली. वाकलेले पत्रे सरळ केले. गॅसला हात लावला नाही. त्याच संध्याकाळी दूध तीन तासांच्या आत ४ अंशांवर आले. कडबाकुट्टी आता गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आहे.

साफसफाईनंतरही दोन्ही वेळचे दूध रखडत असेल, तर मग गॅसची शंका घ्यावी. पण गळती शोधून बंद केल्याशिवाय नुसता गॅस भरून घेऊ नका. तो पुन्हा जाईल. आणि मेकॅनिकला बोलावण्याआधी दोन दिवस दर अर्ध्या तासाचे तापमान वहीत लिहून ठेवा.