एक अँप्युल, चार चुका

पोटॅशियम क्लोराइडला वॉर्डात सगळे ‘केसीएल’ म्हणतात. दहा मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये मिसळून तासाला साधारण १० या बेताने सोडलं, तर ते औषध असतं. तेच न मिसळता थेट शिरेत टोचलं, तर हृदय थांबू शकतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९०च्या ‘ह्यूमन एरर’ या पुस्तकात चुकांचे प्रकार पाडले. या एका अँप्युलभोवती ते सगळे सापडतात.

रात्री सिस्टरला अँटिबायोटिकची पावडर विरघळवायची आहे. ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरशेजारी तशीच पारदर्शक केसीएलची अँप्युल असते आणि हात तिच्यावर पडतो. ही हातचूक. काय करायचं हे सिस्टरला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिला पुन्हा प्रशिक्षण देऊन काही साधत नाही. उलट ज्यांचा हात सवयीने चालतो, त्या अनुभवी लोकांकडूनच अशी चूक घडते. ‘काळजीपूर्वक वाचा’ हे परिपत्रकही त्या क्षणी कामाला येत नाही. अँप्युल तिथे नसणं हाच खरा उपाय. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८मध्ये तीव्र केसीएल वॉर्डातून हलवायला सांगितलं, ते याच कारणाने.

विसर पडणं वेगळं. सिस्टरने केसीएल बाटलीत घातलं, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हाक आली आणि लेबल लावायचं राहिलं. पुढच्या पाळीची सिस्टर त्याच बाटलीत पुन्हा केसीएल घालते. इथे कामाचा क्रम बदलावा लागतो : आधी लेबल लिहून चिकटवायचं, मगच अँप्युल फोडायची.

समजचूक सर्वांत चिवट असते. पोटॅशियम २.६ आलंय, म्हणजे भराभर द्यायला हवं, असं नवा डॉक्टर ठरवतो. लघवी किती होते, क्रिएटिनिन किती, हे तो पाहतच नाही. पुढची प्रत्येक कृती बिनचूक होते, फक्त बेतच चुकलेला असतो. हातचूक बहुधा करणाऱ्याच्याच लक्षात येते. समजचूक त्याला बरोबरच वाटते. त्यामुळे ती दुसऱ्याने पकडावी लागते. ऑर्डरच्या कागदावर कमाल वेग आणि क्रिएटिनिनचा रकाना छापलेला हवा, आणि फार्मासिस्टला ऑर्डर अडवण्याचा अधिकार हवा.

राहिला नियमभंग. केसीएल देताना दोघींनी तपासून सह्या करायच्या, असा नियम आहे. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल, तर दुसरी सही सकाळी होते. हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. एकीला मेमो दिला तरी पुढच्या रात्री तेच घडणार. म्हणून आधी पाहावं, हा नियम इतर पाळ्यांतही मोडतो का? मोडत असेल, तर दोष माणसांच्या वाटपात आहे. कारखान्यातूनच मिसळून आलेल्या पिशव्या वापरल्या, तर वॉर्डात केसीएल मिसळण्याची वेळच क्वचित येते. आयसीयूत मात्र तीव्र केसीएल लागतंच. तिथे ते कुलपात, वेगळ्या कप्प्यात ठेवावं आणि रात्रपाळीलाही दुसरी सिस्टर द्यावी.