‘माय ब्रदर अँड आय’ की ‘माय ब्रदर अँड मी’? इंग्रजी अर्जातली एक नेहमीची अडचण

सीमाभागातल्या आपल्या लोकांची एक गंमत आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि बँकेला किंवा कचेरीला पत्र लिहायची वेळ आली की इंग्रजी. वडोदऱ्याला कन्नडच्या जागी गुजराती येते, हैदराबादला तेलुगू, पण अर्ज बहुतेक वेळा इंग्रजीतच जातो. त्यामुळे इंग्रजीचा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर तो केवळ परीक्षेतल्या मार्कांचा प्रश्न राहत नाही.

परवा ओळखीतले एक गृहस्थ बँकेला द्यायचं पत्र दाखवायला घेऊन आले. वडिलोपार्जित घर दोघा भावांच्या नावावर, खालच्या मजल्यावर भाडेकरू. पत्र नीटनेटकं होतं, पण चार वाक्यं अडली. ती अशी:

पहिलं: ‘मायसेल्फ अँड माय ब्रदर आर जॉइंट ओनर्स ऑफ द हाउस.’

दुसरं: ‘द मॅटर इज सेटल्ड बिट्वीन माय ब्रदर अँड आय.’

तिसरं: ‘प्लीज सेंड द पेपर्स टु माय ब्रदर ऑर मायसेल्फ.’

चौथं: ‘माय ब्रदर टोल्ड द टेनंट टु कीप फाइव्ह थाउजंड रुपीज फॉर हिमसेल्फ.’

पहिल्या तीन वाक्यांत अर्थ कळतो, फक्त व्याकरण चुकलंय. चौथ्यात मात्र पाच हजार रुपये भलत्याच माणसाच्या खिशात गेलेत. एकेक करून बघू.

आधी आपल्या ‘मी’चा घोळ

इंग्रजीत स्वतःबद्दल बोलताना दोन रूपं आहेत. वाक्यातला कर्ता असेल तर ‘आय’. क्रियापदाचं कर्म असेल, किंवा ‘टु’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘बिट्वीन’ अशा शब्दांच्या मागोमाग येत असेल तर ‘मी’. आता हा इंग्रजी ‘मी’ कानाला हुबेहूब आपल्या मराठी ‘मी’सारखा, पण काम करतो आपल्या ‘मला’चं, ‘माझ्या’चं. मराठी ‘मी’चं काम इंग्रजीत ‘आय’ करतो. पहिलीतलं पोर ‘मी गो’ म्हणतं, त्यात त्याचा फार दोष नाही.

एकटा शब्द असेल तर मोठी माणसं सहसा चुकत नाहीत. ‘सेंड इट टु आय’ असं कुणी लिहीत नाही. गडबड होते ती ‘अँड’ आला, शेजारी दुसरं माणूस येऊन बसलं की. ‘सेंड इट टु माय ब्रदर अँड आय’ हे मात्र लोक बिनधास्त लिहितात.

कारण शाळेतच दडलंय. ‘मी अँड राजू वेंट टु स्कूल’ म्हटलं की बाई दरडावून सांगतात, ‘राजू अँड आय’ म्हण. त्या वाक्यापुरतं ते बरोबरच होतं, तिथे दोघंही कर्ते आहेत. पण पोराच्या डोक्यात नियम वेगळाच बसतो: ‘अँड’नंतर ‘आय’ म्हणणं म्हणजे सुसंस्कृत, ‘मी’ म्हणणं म्हणजे गावंढळ. मग पुढे आयुष्यभर, जिथे ‘मी’ हवा तिथेही तो ‘आय’ घालतो. शुद्ध लिहायच्या धडपडीतून आलेली ही चूक आहे, म्हणूनच ती शिकल्यासवरलेल्यांत जास्त दिसते. इंग्रज-अमेरिकनही ती करतात.

भावाला जरा बाजूला उभं करा

याला एक साधी कसोटी आहे. जोडीतल्या दुसऱ्या माणसाला क्षणभर वाक्यातून बाहेर काढायचं आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं.

तिसरं वाक्य घ्या. भावाला काढलं की उरतं ‘सेंड द पेपर्स टु...’. पुढे काय येईल? ‘टु मी’. मग भाऊ परत आला तरी तेच राहतं: ‘टु माय ब्रदर ऑर मी’. भाऊ शेजारी येऊन बसला म्हणून आपलं रूप बदलत नाही.

पहिल्या वाक्यात भावाला काढलं तर ‘आय ॲम द ओनर’ असं म्हणावं लागेल. म्हणून ‘माय ब्रदर अँड आय आर जॉइंट ओनर्स’. यात भावाचं नाव आधी घेतलं, ते केवळ शिष्टाचार म्हणून. मराठीत आपण ‘मी आणि माझा भाऊ’ असं स्वतःपासून सुरू करतो. इंग्रजीत स्वतःला शेवटी ठेवायची रीत आहे. पण कोण आधी आणि कोण नंतर याचा ‘आय’ की ‘मी’ या प्रश्नाशी संबंध नाही.

दुसऱ्या वाक्यात ही कसोटी अडते. ‘बिट्वीन’ म्हणजे दोघांच्या मधलं. एकाला काढलं तर ‘मध्ये’ काही उरतच नाही. तिथे दोघांच्या जागी एकच शब्द घालून बघायचा: ‘वी’ की ‘अस’? ‘बिट्वीन वी’ कानाला खटकतं, ‘बिट्वीन अस’ बरोबर लागतं. ‘अस’ बसला की ‘मी’ बसणार. म्हणून ‘बिट्वीन माय ब्रदर अँड मी’, आणि तसंच ‘बिट्वीन यू अँड मी’.

इथे आपली मराठी मदतीला येते. ‘तुझ्या-माझ्यात काय ठरलंय’ असं आपण म्हणतो. ‘तुझ्यात आणि मी’ असं कुणी म्हणेल का? मराठीत जोडीतली दोन्ही सर्वनामं निमूटपणे रूप बदलतात. इंग्रजीत ‘यू’ दोन्हीकडे सारखाच दिसतो, त्यामुळे बदल झालाय हे डोळ्याला कळत नाही आणि पुढचा शब्द चुकतो.

पण मराठीवर सगळीकडे विसंबू नका. ‘मला आणि माझ्या भावाला हे घर आवडतं’ हे वाक्य शब्दाला शब्द उचललं तर ‘मी अँड माय ब्रदर लाइक’ होईल. मराठीत आवडणं, वाटणं, माहीत असणं ही ‘मला’ची कामं, इंग्रजीत तीच ‘आय’ची. म्हणून बाजूला काढायची कसोटी नेहमी इंग्रजी वाक्यावरच लावायची: ‘आय लाइक’, म्हणून ‘माय ब्रदर अँड आय लाइक’.

एक गोष्ट चुकणाऱ्यांना दिलासा देईल. शेक्सपिअरच्या 1600 साली छापल्या गेलेल्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात अँटोनिओ आपल्या मित्राला कर्जफेडीबद्दल पत्र लिहितो, त्यात ‘बिट्वीन यू अँड आय’ असंच आहे. म्हणजे हा वापर जुना आहे. बोलण्यात तर उलट, ‘मी अँड माय ब्रदर वेंट’ असंही इंग्रज सर्रास म्हणतात. पण आजच्या कचेरीच्या पत्रात दोन्ही चुकाच धरल्या जातात, आणि आपल्याला पत्र आज पाठवायचंय.

‘मायसेल्फ’ म्हणजे मोठ्या मानाचा ‘मी’ नव्हे

‘आय’ की ‘मी’ हे ठरत नसलं की माणूस ‘मायसेल्फ’च्या आडोशाला जातो. तो शब्द भारदस्त वाटतो. ‘मायसेल्फ अमुक पाटील, फ्रॉम बेळगाव’ ही ओळख तर मुलाखतीत नेहमी ऐकू येते. तिथे साधं ‘आय ॲम’ पुरतं.

‘मायसेल्फ’ला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. त्याला त्याच वाक्यांशात आधीचा ‘आय’ लागतो. ‘आय कट मायसेल्फ’ म्हणजे कापणारा मी आणि कापला गेलेलाही मीच. किंवा जोर द्यायला: ‘आय विल कम मायसेल्फ’, मी स्वतः येईन. या दोन्हींत ‘आय’ हजर आहे. ‘सेंड द पेपर्स टु मायसेल्फ’मध्ये पाठवणारी बँक आहे, ‘आय’ कुठेच नाही. म्हणून तिथे ‘मी’.

याला एक अपवाद लक्षात ठेवा. ‘कागद मी स्वतःजवळ ठेवले’ याचं इंग्रजी ‘आय केप्ट द पेपर्स विथ मी’ असं होतं, ‘विथ मायसेल्फ’ नव्हे. वस्तू जवळ, सोबत असल्याचं सांगताना इंग्रजी साधं रूप घेते.

पाच हजार कुणाचे?

आता चौथं वाक्य. गृहस्थांना मराठीत म्हणायचं होतं, ‘भावाने भाडेकरूला सांगितलं, पाच हजार रुपये आपल्यासाठी बाजूला ठेव.’ म्हणजे भावासाठी. मराठीतला ‘आपल्या’ लांब उडी मारतो. आतल्या वाक्यात बसून तो बाहेरच्या भावाकडे बोट दाखवू शकतो. ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो.

इंग्रजी ‘हिमसेल्फ’ला ही उडी जमत नाही. तो आपल्या जवळच्या क्रियापदाच्या कर्त्यालाच चिकटतो. ‘टोल्ड’ हे काम भावाचं, पण ‘टु कीप’ हे काम कुणाचं? भाडेकरूचं. ‘हिमसेल्फ’ या ‘कीप’च्या शेजारी बसलाय, म्हणून अर्थ झाला: भाडेकरूने पाच हजार स्वतःलाच ठेवून घ्यावेत, असं भावाने सांगितलं. उद्या वाद झाला तर हाच कागद भाडेकरू पुढे करेल, आणि इंग्रजीच्या हिशेबाने त्याचं म्हणणं खरं ठरेल.

‘फॉर हिम’ लिहिलं तर भाडेकरू नक्कीच वगळला जातो, पण ‘हिम’ म्हणजे भाऊ की आणखी तिसरा कुणी, हा प्रश्न उरतो. पैशाच्या पत्रात असला प्रश्न शिल्लक ठेवू नये. सर्वनामाचा मोह सोडून सरळ नातं किंवा नाव लिहावं: ‘माय ब्रदर टोल्ड द टेनंट टु सेट असाइड फाइव्ह थाउजंड रुपीज फॉर माय ब्रदर.’ ‘ब्रदर’ दोनदा आला म्हणून वाक्य जड वाटेल. वाटू दे.

ते गृहस्थ पत्र दुरुस्त करून घेऊन गेले. जाताना म्हणाले, ‘पहिल्या तीन चुकांना बँकेतला साहेब हसला असता, चौथीला भाडेकरू.’ पत्र पाठवण्याआधी म्हणूनच प्रत्येक ‘सेल्फ’वर बोट ठेवा आणि त्याच्या जवळच्या क्रियापदाला विचारा, हे काम करणारा कोण? उत्तर तुमच्या मनातल्या माणसाशी जुळलं नाही, तर तिथे त्या माणसाचं नाव लिहा.