मथळा पानातून उचलणारी जाहिरात

बेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक माल नंबराने मागतं. मोटर आवाज करायला लागली की मिस्त्री जुनं बेअरिंग काढतो, त्यावर कोरलेला नंबर वाचतो आणि मोबाइलवर टाइप करतो: 6205 2RS price. 6205 म्हणजे आतलं भोक 25 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 52 आणि जाडी 15. 2RS म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. त्याच मापाचं, पण पत्र्याची झाकणं असलेलं बेअरिंग 6205 ZZ.

समजा, पुण्यातल्या एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर अशी 12,000 बेअरिंग आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पान आहे. गूगलवर नेहमीच्या पद्धतीने जाहिरात करायची तर प्रत्येक नंबरासाठी कीवर्ड निवडा, मथळा लिहा. एवढं करूनही भागत नाही, कारण जे शब्द फारच क्वचित शोधले जातात, ते कीवर्ड गूगल Low search volume असा शेरा मारून निष्क्रिय ठेवतं. एखादा नंबर महिन्यातून दोनदाच शोधला जात असेल, पण असे हजारो नंबर मिळूनच या व्यापाऱ्याचा धंदा होतो.

गूगलने 2011 मध्ये आणलेल्या डायनॅमिक सर्च अ‍ॅड्स इथे कामाला येतात. यात कीवर्ड द्यायचेच नसतात. आपली वेबसाइट, किंवा तिच्यातल्या निवडक पानांची यादी द्यायची. शोधणाऱ्याचे शब्द एखाद्या पानाशी जुळले की गूगल त्या पानाच्या शीर्षकातून आणि मजकुरातून मथळा तयार करतं आणि क्लिक करणाऱ्याला थेट त्याच पानावर नेतं. मथळ्याखालचं वर्णन मात्र आपणच लिहायचं. एकच वर्णन हजारो पानांखाली दिसणार असल्यामुळे त्यात किंमत किंवा माप घालू नये. ‘जीएसटी बिल, भारतभर डिलिव्हरी’ असं सगळ्या मालाला लागू पडेल तेवढंच लिहावं.

मथळा पानातून येतो, म्हणजे पानात जे नाही ते मथळ्यातही येणार नाही. अनेक वेबसाइटींवर प्रत्येक पानाचं शीर्षक Product Details आणि पुढे कंपनीचं नाव, एवढंच असतं. त्यातून 6205 2RS शोधणाऱ्याला थांबवेल असा मथळा निघणं कठीण. शीर्षकात नंबर, सीलचा प्रकार आणि माप असेल तर गूगलला उचलायला काहीतरी मिळतं. माझ्या मते जाहिरातीवर रुपया टाकण्याआधी शीर्षकं दुरुस्त करून घ्यावीत. ते काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच टाळलं जातं.

दुसरी गळती नको त्या पानांची. संपूर्ण वेबसाइट मोकळी सोडली की नोकरभरतीचं पान, माल परतीचे नियम, ‘बेअरिंगचे प्रकार’ हा माहितीपर लेख, या सगळ्यांवर जाहिरात लागू शकते. मग प्रोजेक्टसाठी आकृती शोधणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी क्लिक करतो आणि पैसे व्यापाऱ्याचे जातात. अशी पानं सुरुवातीलाच वगळावीत. संपलेल्या मालासाठी ‘ज्या पानावर Out of stock लिहिलं आहे ते वगळा’ असाही नियम लावता येतो. पण ‘संबंधित उत्पादनं’ या चौकटीत हेच शब्द दुसऱ्याच मालाखाली आले असतील, तर चांगली पानंही बाद होतात. जाहिरात अचानक कमी दिसू लागली की आधी इथे पाहावं.

कोणते शब्द शोधून लोक आले, ते शोधशब्दांच्या अहवालात दिसतं. पहिले काही आठवडे तो रोज वाचावा. ‘job’, ‘diagram’, ‘pdf’ असे शब्द दिसले की ते नकारात्मक कीवर्डच्या यादीत टाकावेत. जे नंबर वारंवार विकले जातात ते नेहमीच्या मोहिमेत नेमक्या कीवर्डसह लावावेत. शोध त्या कीवर्डशी तंतोतंत जुळला की गूगल साधारणपणे त्यालाच प्राधान्य देतं, आणि मथळा पुन्हा आपल्या हातात येतो.

प्रत्येक कॅटलॉगला हा प्रकार मानवत नाही. चाळीस वस्तूंचं दुकान असेल तर मथळे हाताने लिहिलेलेच बरे. रोज नवी सवलत आणि नवा माल असेल तर गूगलच्या नोंदीतली पानं मागे पडतात. साडी किंवा दागिना लोक चित्र पाहून निवडतात. तिथे फोटो आणि किंमत दाखवणाऱ्या शॉपिंग जाहिराती सरस. पण शॉपिंग जाहिरातीला किंमत द्यावीच लागते. ‘भाव विचारा’ म्हणणाऱ्या आपल्या बेअरिंगवाल्याला ती वाट बंद आहे, डायनॅमिकची मात्र खुली.

तुमचा कॅटलॉग मोठा असेल तर एजन्सीला फोन करण्याआधी गूगलवर site: लिहून त्याला चिकटूनच आपल्या वेबसाइटचा पत्ता टाका आणि समोर येणारी पन्नासेक शीर्षकं वाचा. नुसत्या शीर्षकावरून माल ओळखता येत नसेल, तर पहिला फोन वेबसाइट बनवणाऱ्याला करा.