कॉफी उकळलेली की कागदातून गाळलेली?

रक्ततपासणीचा कागद हातात आला, कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले, की आम्ही घरातले तेल, तळण आणि बेकरीचे पदार्थ विचारतो. कॉफी कशी करता, हे मात्र विचारायचे राहून जाते. खरे तर तेही विचारायला हवे.

हा धागा सापडला नॉर्वेमध्ये. तिथल्या ट्रोम्सो शहरातल्या मोठ्या तपासणीचे निष्कर्ष 1983 साली आले. जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉलही जास्त होते. तिथे तेव्हा जाडसर कॉफी पूड पाण्यात उकळत, गाळ खाली बसू देत आणि वरचे पाणी पीत. पुढे कळले, दोष कॅफिनचा नव्हे. कॉफीच्या बियांतल्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, त्याचा हा परिणाम. आपले यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्तरस बनवते. कॅफेस्टॉल हे काम मंदावते, म्हणून न वापरलेले कोलेस्टेरॉल रक्तात वाढते.

पूड उकळली किंवा फ्रेंच प्रेसच्या दांड्याने दाबून काढली, की हे तेल कपात उतरते. गाळ खाली बसला, चहाच्या गाळणीतून गाळली, तरी बारीक तेलकण निसटतात. कागदी फिल्टर मात्र ते धरून ठेवतो, कपात जवळजवळ काहीच येत नाही. दक्षिणेकडच्या स्टीलच्या फिल्टरला भोके असतात, पण कागद नसतो. त्यामुळे त्याची कॉफी कागदातून गाळलेली धरू नका.

हिशेब मांडून पाहू. उकळलेल्या किंवा दाबलेल्या एका कपात साधारण 4 मिलीग्रॅम कॅफेस्टॉल असते. रोज पाच कप म्हणजे 20 मिलीग्रॅम. काही आठवडे असे चालले, तर कोलेस्टेरॉल साधारण 10 अंकांनी वाढू शकते. म्हणजे 200 असेल तर 210 च्या आसपास. त्यातली बरीचशी वाढ एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलची असते. रोज एखादाच कप घेत असाल, तर वाढ फार थोडी.

आपल्या वस्तीत बहुतेक घरांत बाटलीतली किंवा पुडीतली, दुधात विरघळणारी इन्स्टंट कॉफी असते. तिच्यात कॅफेस्टॉल नगण्य असते. तिथे साखर आणि दुधाची साय पाहा. घरी वा कामाच्या ठिकाणी पूड उकळून दिवसाला चार-पाच कप होत असतील आणि एलडीएल वाढलेले असेल, तर दोन महिने कागदी फिल्टर किंवा इन्स्टंट कॉफी घ्या. बाकी खाणे आणि औषधे तशीच ठेवून पुन्हा तपासणी करा. आकडा उतरला, तर कॉफीचा वाटा होता. नाही उतरला, तर कारण दुसरीकडे आहे. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी मात्र कॉफी बदलली म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.