साबुदाण्यावर किती किलोमीटर?

उपासाचं ताट एकदा नीट पाहा. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. त्याच्या जोडीला बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि हिरवी मिरची. ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, समुद्रमार्गे इकडे आलेली आणि थेट आपल्या देवघरापर्यंत पोचलेली! जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी ऐन रंगात येते तेव्हाच नवरात्र येतं. त्यामुळे हौशी धावपटूचे नऊ दिवस याच ताटावर जातात.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात आणि प्रथिनं नावापुरती. इंधन म्हणून तो उत्तमच. गोची होते ती खिचडीतल्या तुपाची आणि दाण्याच्या कुटाची. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात, म्हणून खिचडी आणि धावणं यांत तीन तास तरी जाऊ द्या. धावण्याआधी काही हवंच असेल तर केळं किंवा दोन खजूर. प्रथिनांची बाजू दही, दूध आणि राजगिरा सांभाळतील.

पाय भरलेले, डोकं रिकामं

रात्री एकदाच फराळ करणाऱ्यांना सकाळी धावता येतं का? येतं, आणि त्याचं कारण मजेदार आहे. शरीरात ग्लायकोजेनचे दोन साठे असतात: स्नायूंत साधारण 400 ग्रॅम, यकृतात 100 च्या आसपास. झोपेत रिकामा होत जातो तो यकृताचा साठा, कारण रक्तातली साखर तोच सांभाळतो. स्नायूंचा साठा जागचा हलत नाही. स्नायू म्हणजे कंजूष सावकार, आपली साखर रक्ताला उसनी देतच नाही. म्हणून पहाटे पाय ताजे वाटतात, पण जोर लावला की गरगरायला लागतं. रात्री पोटभर फराळ केला असेल तर पहाटे साडेपाच-सहाला चाळीस-पन्नास मिनिटं सावकाश धावणं बहुतेकांना जमतं. सायंकाळी धावायचं तर आरतीच्या जरा आधी, म्हणजे परत आल्यावर लगेच खाता येईल. दुपार मात्र नकोच. ऑक्टोबर हीट कोणाचीच भीड ठेवत नाही.

सावकाश म्हणजे किती? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. रोजच्याच वेगाला घड्याळातले ठोके नेहमीपेक्षा दहा-बारा जास्त दिसले तर वेग कमी करा. वेळ गाठायच्या नादी लागू नका. इंटरव्हल आणि टेम्पो दसऱ्यानंतर. नऊ दिवस हलकं धावल्याने कमावलेला दम जात नाही. आणि रात्री दोन तास गरबा खेळणार असाल तर तो व्यायामातच धरा, दुसऱ्या दिवशीची सकाळ विश्रांतीची.

वजनकाटा खोटं बोलत नाही

घाम किती गेला हे तहानेवरून कळत नाही. समजा, धावण्याआधी वजन 62 किलो, पाऊण तासाने 61.2, आणि मध्ये 200 मिली पाणी प्यायलात. म्हणजे 800 अधिक 200, सुमारे एक लिटर घाम गेला. त्यातले 200 मिली आधीच भरून निघाले, उरलेली 800 ची तूट भरून काढायला पुढच्या दोन-चार तासांत एक ते सव्वा लिटर प्यायचं, घोटाघोटाने.

नुसतं पाणी ढोसणं मात्र धोक्याचं. घामातून मुख्यतः सोडियम जातं. उपासाला मीठही सोडलेलं असेल आणि वर लिटरच्या लिटर पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. डोकेदुखी, मळमळ, बोटांना सूज ही त्याची लक्षणं. शहाळं यावर पूर्ण उपाय नाही. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम बेताचं. त्यापेक्षा सैंधव घातलेलं लिंबू सरबत सरस. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि ते उपासाला चालतं.

निर्जळी उपास असेल त्या दिवशी धावू नका, फार तर संध्याकाळी चाला. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी धावूच नये. धावताना थंड घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथेच थांबायचं आणि खिशातला खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू खायचा. दोन्ही उपासाचेच, तेव्हा व्रतभंगाची सबबही उरत नाही!

नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्यांचा पेच वेगळा. ज्यांना सवय नाही त्यांनी डांबरी रस्त्यावर एकदम अनवाणी धावलं तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोंबलणार. मैदानावर, गवतावर, पंधरा मिनिटं पुरे.

आणि दसऱ्याला श्रीखंड-पुरी चापून दुसऱ्याच पहाटे इंटरव्हल मारायला जाऊ नका. दोन दिवस नेहमीची भाकरी-भात पोटात जाऊ द्या, मग घड्याळ लावा.